नदीच्या पाण्यातून मासे शोधताना टेबलात आलेला शून्य कसा वाचायचा

पहिल्यांदा ईडीएनए मेटाबारकोडिंग, म्हणजे पाण्यातल्या डीएनएवरून जाती ओळखायचं काम, करणाऱ्या प्रत्येकाला शेवटी एक टेबल मिळतं, आडवे नमुने, उभे मासे, आणि मधे रीड्सचे, म्हणजे वाचलेल्या डीएनए तुकड्यांचे, आकडे. मोठे आकडे बघून आनंद होतो, पण खरी अडचण असते शून्यांची. ईलच्या रांगेत सगळीकडे शून्य आहे म्हणजे नदीत ईल नाहीच, की होता पण आपल्या बाटलीत त्याचा डीएनए आला नाही, की आला होता पण पीसीआरमधे, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवताना, दबला, की रीड्स मिळाले होते आणि आपणच ते साफसफाईत उडवले? टेबल हातात आल्यावर याचं उत्तर शोधता येत नाही. ते उत्तर देणाऱ्या बाटल्या आणि ब्लँक, म्हणजे मासा नसलेले कोरे नमुने, नदीवर जायच्या आधीच ठरवून ठेवावे लागतात, म्हणून हा लेख त्या क्रमानेच लिहितोय.

थोडक्यात प्रकार असा की मासा पाण्यात अंगावरचा चिकट थर, खवल्यांचे कण, विष्ठा असं काहीबाही सोडत राहतो आणि त्यात त्याचा डीएनए असतो. आपण पाणी गाळतो, गाळणीवरचा डीएनए काढतो, सगळ्या माशांमधे सारख्या असलेल्या दोन टोकांना चिकटणारे प्रायमर वापरून मधला छोटा तुकडा वाढवतो, आणि तो वाचून कुठल्या माशाचा ते ओळखतो. माशांसाठी सगळ्यात जास्त वापरात असलेले प्रायमर म्हणजे मायफिश, ते २०१५ साली आले, मायटोकाँड्रियातल्या १२ एस जीनचा साधारण १७० बेसचा तुकडा ते उचलतात. तुकडा लहान आहे हे चांगलंच, कारण पाण्यातला डीएनए तुटका असतो.

पायरी १: घरी बसून माशांची यादी

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात आणि नंतर पस्तावतात. तुमच्या नदीत कुठले मासे असू शकतात त्याची यादी करा, आणि एकेकाचा १२ एस सिक्वेन्स जेनबँक किंवा मायटोफिश या सिक्वेन्सच्या खुल्या साठ्यांमधे आहे का ते बघा. नसेल तर तो मासा बाटलीत कितीही असला तरी टेबलात त्याच्या नावाने शून्यच येणार, त्याचे रीड्स एकतर "अनोळखी" म्हणून पडून राहतील नाहीतर जवळच्या भाऊबंदाच्या नावावर जमा होतील. शक्य असेल तर त्या माशाच्या पराचा छोटा तुकडा मिळवून त्याचा सिक्वेन्स आधीच करून घ्या. दुसरं म्हणजे यादीतल्या कुठल्या दोन माशांचा हा तुकडा अगदी सारखा आहे ते बघून ठेवा, जवळच्या जातींमधे असं बऱ्याचदा होतं. अशा वेळी दोन्हींची मिळून एकच ओळ लिहायची, सॉफ्टवेअरने एक नाव दिलं म्हणून ते खरं धरायचं नाही. आणि नदीत स्टिंगरेसारखे कूर्चामासे असतील तर त्यांना मायफिशचा नेहमीचा जोड नीट चिकटत नाही, त्यांच्यासाठी वेगळा जोड आहे, तो सोबत वापरावा लागतो.

पायरी २: किती बाटल्या घ्यायच्या

एका जागी एक बाटली घेऊन काहीच कळत नाही. नदीत डीएनए साखरेसारखा विरघळून सारखा पसरलेला नसतो, तो कणांच्या गुच्छांमधे असतो, त्यामुळे हातभर अंतरावर घेतलेल्या दोन बाटल्यांमधेही फरक निघतो.

गणित सोपं आहे. समजा एखादा विरळ मासा तिथे नक्की आहे, आणि एका बाटलीत तो सापडायची शक्यता ०.३ आहे, म्हणजे दहा बाटल्यांपैकी तीनेक बाटल्यांतच दिसतो. एका बाटलीत हुकायची शक्यता ०.७, तीन बाटल्यांत तिन्ही वेळा हुकायची ०.७ × ०.७ × ०.७ म्हणजे ०.३४. थोडक्यात मासा असूनही दर तीन सर्व्हेंपैकी एकात तुम्ही "नाही" लिहिणार! ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणायची तर नऊ बाटल्या लागतात. तीन बाटल्यांचं डिझाइन नेहमीच्या माशांना पुरतं, विरळ माशांना पुरत नाही, आणि बहुतेक वेळा आपल्याला काळजी विरळ माशांचीच असते.

हा ०.३ आणायचा कुठून? ज्या जागी तो मासा आहे हे जाळ्याने किंवा डोळ्याने पक्कं माहीत आहे तिथे आधी दहा बाटल्या घेऊन बघा त्यातल्या कितींत तो सापडतो ते. आकडा ऋतूनुसार बदलतो, अंडी घालायच्या दिवसांत डीएनए खूप असतो, थंडीत मासा सुस्त पडला की कमी, आणि पुराच्या पाण्यात सगळंच पातळ होतं. त्यामुळे ज्या दिवसांत सर्व्हे करायचाय त्याच दिवसांत ही चाचणी करा.

एक चूक मात्र नवे लोक हमखास करतात, एका बाटलीच्या डीएनएवर बारा पीसीआर करतात आणि त्याला बारा नमुने समजतात. पीसीआर जास्त केल्याचा फायदा होतोच, पण बाटलीत डीएनए आलाच नसेल तर शंभर पीसीआर करूनही तो येणार नाही. बाटल्या आधी, पीसीआर नंतर.

पायरी ३: काठावर

सगळ्यात खालच्या अंगाच्या जागेपासून सुरुवात करा आणि वर सरकत जा, नाहीतर वरच्या जागी ढवळलेला गाळ आणि बुटांवरचा डीएनए खालच्या बाटलीत उतरतो. पाण्यात उतरावं लागलं तर तोंड प्रवाहाकडे, बाटली स्वतःच्या वरच्या बाजूला. जमलं तर काठावरूनच लांब दांड्याने घ्या. खळाळ आणि डोह दोन्हीकडून घ्या.

बाटल्या, चिमटे, फिल्टरची भांडी हे सगळं आदल्या दिवशी ब्लीचने धुवायचं. बाजारातलं ब्लीच साधारण ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं असतं, ते दहापट पातळ करून दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि मग स्वच्छ पाण्याने भरपूर खळबळा. हे खळबळणं खरंच मनापासून करा, कारण बाटलीत ब्लीच उरलं तर ते नदीतल्या माशाचाही डीएनए तोडतं आणि तुम्ही स्वतःच्या हाताने खोटा शून्य तयार करता. जुनं उघडं ब्लीच कमजोर होतं, त्या दिवशीचं ताजं बनवा. आणि एक सुरक्षेची गोष्ट, डीएनए किटमधल्या ज्या बफरमधे ग्वानिडीन असतं त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. सांडलं तर आधी पाण्याने पुसून घ्या.

आता फील्ड ब्लँक. पुष्कळ जण डिस्टिल्ड पाण्याची बंद बाटली नदीवर फिरवून आणतात आणि त्याला ब्लँक म्हणतात, पण त्यातून फक्त बंद बाटली बंदच राहिली एवढंच कळतं. खरा ब्लँक असा, डिस्टिल्ड पाणी काठावर उघडायचं, त्याच ग्लोव्ह्जने त्याच प्रकारच्या नमुना-बाटलीत ओतायचं, त्याच कूलरमधे ठेवायचं, त्याच पंपावर गाळायचं. नमुन्याच्या वाट्याला आलेली प्रत्येक गोष्ट ब्लँकच्याही वाट्याला यायला हवी. दिवसाला निदान एक, आणि तो सकाळी न घेता शेवटच्या जागी घ्या, तोवर हात, दोऱ्या, कूलर सगळ्यांना नदी लागलेली असते.

आमचाच एक अनुभव सांगतो. एका फेरीत ब्लँकमधे कार्प आला, आम्ही लॅबमधलं सगळं तपासलं, रिएजंट बदलले, आणि काहीच सापडेना. शेवटी कूलर आठवला. बर्फ वितळून तळाशी पाणी साचलं होतं, बाटल्या बाहेरून नदीच्या पाण्याने ओल्या होत्या, त्यामुळे ते साचलेलं पाणी म्हणजे सगळ्या जागांचं मिश्रण झालं होतं, आणि ब्लँकची बाटली मानेपर्यंत त्यात उभी. झाकण उघडताना थेंब आत. तेव्हापासून प्रत्येक बाटली वेगळ्या झिप पिशवीत, बर्फाऐवजी बंद आइसपॅक, आणि उघडायच्या आधी बाटली बाहेरून पुसायची, ग्लोव्ह्ज बदलायचे. त्यानंतर कूलरमुळे ब्लँक बिघडला नाही.

पायरी ४: गाळणं

एक लिटर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या बंद कॅप्सूल फिल्टरमधून गाळायचं, ही बरी सुरुवात आहे. बंद कॅप्सूल यासाठी की उघडा कागद चिमट्याने उचलावा लागत नाही, हाताळणी जितकी कमी तितका धोका कमी. शक्यतो काठावरच गाळा, नाही जमलं तर थंड आणि अंधारात ठेवून त्याच दिवशी. गाळून झाल्यावर लगेच बफर भरा किंवा उणे २० ला टाका.

गढूळ पाण्यात फिल्टर २०० मिलीलाच चोंदतो. अशा वेळी "झालं की जमेल तेवढं" म्हणून पुढे जाऊ नका, किती मिली गेलं ते लिहा, आणि दुसरा तिसरा फिल्टर लावून लिटर पूर्ण करा. मोठ्या छिद्राचा फिल्टर घेतला तरी चालतो, फक्त मग सगळ्या जागी तोच घ्या, निम्म्या जागी एक आणि निम्म्या जागी दुसरा असं झालं की तुलना संपली. २०० मिलीतला शून्य आणि लिटरभरातला शून्य एकसारखे नसतात, टेबलात मात्र सारखेच दिसतात, म्हणून मिलीची नोंद टेबलाच्या शेजारीच राहू द्या.

पायरी ५: लॅब

दोन खोल्या. एकीत फिल्टरमधून डीएनए काढणं आणि पीसीआर लावणं, दुसरीत पीसीआर झालेल्या ट्यूब उघडणं. वाहतूक एकाच दिशेने, दुसऱ्या खोलीत गेलेला माणूस त्या दिवशी पहिल्या खोलीत परत येत नाही. पीसीआर झालेल्या ट्यूबच्या एका सूक्ष्म थेंबात त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती असतात, आणि तुमच्या नदीच्या नमुन्यात कदाचित दहा. दोन खोल्या नसतील तर निदान पिपेट, कोट आणि टेबल वेगळे, आणि डीएनए काढायचं काम सकाळी.

इथे आणखी तीन कंट्रोल लागतात. डीएनए काढताना एक कोरा फिल्टर, पीसीआरला एक नुसत्या पाण्याची ट्यूब, आणि एक पॉझिटिव्ह, म्हणजे माहीत असलेल्या माशाचा डीएनए मुद्दाम टाकलेली ट्यूब. पॉझिटिव्ह म्हणून असा मासा घ्या जो या नदीत असूच शकत नाही आणि कुणाच्या जेवणातही येत नाही. यामागचं कारण पुढे उदाहरणात येईल. त्याचा डीएनए खूप पातळ करून वापरा, घट्ट ठेवला तर तोच सगळीकडे उडतो.

मग इन्हिबिशन. कुजलेल्या पानांचं ह्युमिक अ‍ॅसिड डीएनएबरोबर येतं आणि पीसीआर अडवतं, पाणी चहासारखं तपकिरी असेल तर हे धरूनच चाला. ओळखायचं असं, ठरावीक प्रमाणात परका डीएनए नमुन्यात आणि स्वच्छ पाण्यात दोन्हीकडे टाकून क्यूपीसीआर, म्हणजे प्रती वाढत असतानाच मोजणारा पीसीआर, करा, नमुन्यात तो एखादी सायकल किंवा त्याहून उशिरा दिसला तर अडथळा आहे. दहापट पातळ केलं की अडथळा बहुतेक जातो, पण विरळ माशाचा डीएनएही दहापट पातळ होतो, म्हणून माझं मत असं की आधी इन्हिबिटर काढणारं किट वापरा, पातळ करणं हा शेवटचा उपाय.

प्रत्येक बाटलीचे निदान तीन पीसीआर करा, जमले तर आठ, कारण जिथे दोनचार प्रतीच आहेत तिथे त्या पिपेटमधे येतील की नाही हा नशिबाचा भाग असतो. इंडेक्स, म्हणजे रीड कुठल्या नमुन्याचा ते सांगणारी छोटी डीएनए-खूण, लावताना प्रत्येक नमुन्याला दोन्ही टोकांना स्वतःचा वेगळा इंडेक्स द्या, म्हणजे सिक्वेन्सरवर इंडेक्सची अदलाबदल झाली तरी ते रीड्स आपोआप गळतात. आणि शेवटी सगळे नमुने एकत्र करताना ब्लँकना नमुन्यांइतकी तीव्रता आणून देऊ नका, नमुन्यांचं जे सरासरी आकारमान तेवढंच ब्लँकचं घ्या, नाहीतर कोऱ्या ब्लँकमधला क्षुल्लक कचरा फुगून हजारो रीड्स होतो आणि उगाच धसका बसतो.

पायरी ६: रीड्स ते टेबल

आधी प्रायमर कापायचे, आणि ज्या रीडमधे प्रायमर नाही तो टाकून द्यायचा:

```
cutadapt -g GTCGGTAAAACTCGTGCCAGC \
  -G CATAGTGGGGTATCTAATCCCAGTTTG \
  --discard-untrimmed -m 60 \
  -o S1_R1.trim.fq.gz -p S1_R2.trim.fq.gz \
  S1_R1.fq.gz S1_R2.fq.gz
```

पुढे `DADA2` या प्रोग्रामने चुका काढून दोन बाजू जोडायच्या आणि यादीशी जुळवायच्या. याच्या शिकवण्या भरपूर मिळतात, इथे थांबत नाही. ब्लँकही अगदी याच वाटेने न्या, वेगळी वागणूक नको.

पायरी ७: आकडे वाचणं, एक उदाहरण

समजा चार जागा, प्रत्येकी तीन बाटल्या, दोन दिवस, आणि कंट्रोल. टेबल आलं.

आधी पॉझिटिव्ह बघा. त्यात ५२,००० रीड्स, त्यातले २६ कार्पचे. त्या ट्यूबमधे कार्प कधी टाकलाच नव्हता, म्हणजे ही गळती, ०.०५ टक्के. आता उलट बाजूने, पॉझिटिव्हचा मासा नदीच्या नमुन्यांमधे किती दिसतो ते बघा, तो तिथे असूच शकत नाही त्यामुळे जेवढा दिसेल तेवढी निव्वळ गळती. समजा इथेही ०.०५ च्या आतच निघाली. मग नियम ठरला, नमुन्यातल्या एकूण रीड्सच्या ०.०५ टक्क्यांखालचं काहीही धरायचं नाही. ८०,००० रीड्सच्या बाटलीत म्हणजे ४०.

मग ब्लँक. पहिल्या दिवशीच्या फील्ड ब्लँकमधे कार्पचे ४८ रीड्स, दुसऱ्या दिवशी १,९००. ब्लँकमधे टक्केवारी काढू नका, तिथे एकूणच इतकं कमी असतं की कुठलाही कचरा ९० टक्के दिसतो, सरळ आकडा बघा. पीसीआरचा ब्लँक आणि कोरा फिल्टर दोन्ही स्वच्छ आहेत, म्हणजे गडबड लॅबमधे नाही, काठावर किंवा गाळताना झाली. दुसऱ्या दिवशीच्या चौथ्या जागी कार्पचे तिन्ही बाटल्यांत ४१,०००, ३६,५०० आणि ५२,२००, हे मान्य. पण त्याच दिवशीच्या तिसऱ्या जागी एकाच बाटलीत १,२००, बाकी दोन्हींत शून्य, हे ब्लँकपेक्षाही कमी आहे, इथे कार्प "सापडला" असं लिहायचं नाही. ब्लँकचे १,९०० सगळीकडून वजा करायचा मोह होतो, तो करू नका. ब्लँकमधे स्पर्धा नसते म्हणून दोन प्रतींचेही हजार रीड्स होतात, नमुन्यात त्याच दोन प्रतींचे पाच होतील, त्यामुळे वजाबाकीला अर्थ नाही.

आता खरा अवघड प्रसंग. तिसऱ्या जागी दुसऱ्या बाटलीत, ८०,००० पैकी ३५ रीड्स ईलचे. मर्यादा ४०. नियमाने ते शून्य होतात. इथेच नवे लोक एकतर गुपचूप शून्य करतात नाहीतर गुपचूप नियम खाली ओढतात. दोन्ही नको. विचार असा करा, गळती यायला कुठेतरी भरपूर ईल असायला हवा, तिथून तो उडून इकडे येणार. पूर्ण रनमधे दुसऱ्या कुठल्याच नमुन्यात किंवा ब्लँकमधे ईल नाही. मग हे ३५ आले कुठून? एकतर लॅबमधे ईलचा डीएनए याआधी हाताळलाय, नाहीतर नदीत ईल आहे. टेबलात शून्य करा पण शेजारी खूण करा, आणि उरलेल्या डीएनएवर फक्त ईलला चिकटणारा क्यूपीसीआर लावा, तिन्ही बाटल्यांवर प्रत्येकी बारा ट्यूब, सोबत सगळ्या ब्लँकवरही. समजा पहिल्या बाटलीत बारापैकी शून्य, दुसरीत चार, तिसरीत एक, आणि ब्लँक सगळे शून्य. आता ईलचा डीएनए तिथल्या पाण्यात होता असं म्हणायला आधार आहे. मेटाबारकोडिंगमधे तो दबला होता कारण त्याच ट्यूबमधे मुबलक माशांचा डीएनए हजारपट होता आणि सगळे एकाच प्रायमरसाठी भांडत होते.

"डीएनए पाण्यात होता" आणि "ईल तिथे होता" यातही फरक आहे बरं. प्रवाह डीएनए शेकडो मीटर, कधी कित्येक किलोमीटर खाली नेतो. आणि जवळ सांडपाणी मिळत असेल तर लोकांनी खाल्लेले मासेही टेबलात येतात. नदीत ट्यूना किंवा असाच समुद्रातला मासा दिसला की आधी वरच्या अंगाला नाला शोधा. ईलही खाल्ला जातो, म्हणून उदाहरणातल्या जागेच्या वर आणि खाली आणखी नऊनऊ बाटल्या घेऊन बघायचं, सांडपाण्याच्या तोंडाच्याही वर.

पायरी ८: शून्य कसा लिहायचा

रिपोर्टमधे नुसतं "आढळला नाही" लिहून सोडू नका. त्या बाटलीतून किती मिली गेलं, इन्हिबिशनची चाचणी काय म्हणाली, आणि त्या बाटलीत नेहमीचे मासे आले का हे बघा. शेजारच्या दोन बाटल्यांत नऊ मासे आणि या बाटलीत एकच, तर इथे बाटलीच फसलीय, तिचे शून्य मोजू नका, "निकाल नाही" लिहा. यादीत ज्याचा सिक्वेन्स नव्हता त्या माशालाही शून्य न देता "तपासता आला नाही" असं वेगळं लिहा. उरलेल्या शून्यांपुढे बाटल्यांची संख्या आणि हुकायची शक्यता द्या, उदाहरणार्थ: "तीन बाटल्या, प्रत्येकी एक लिटर, इन्हिबिशन नाही, एका बाटलीतली शक्यता ०.३ धरली तर मासा असूनही न दिसायची शक्यता ३४ टक्के." एवढं वाचल्यावर समोरच्याला ठरवता येतं की या शून्यावर पुढचं काम करायचं की आणखी सहा बाटल्या घ्यायच्या.